रिसीव्हरला ऐकू येते, मग कॅमेरा मुका का?

व्याख्यानाचे चित्रीकरण संपते, चित्र स्वच्छ येते. पण आवाजाचा मागमूसही नसतो. कॉलरला लावण्याच्या बिनतारी माइकबाबत असे घडू शकते, आणि न नोंदलेला आवाज नंतर परत मिळत नाही. बाहेरील माइकचा प्लग खोचताच बहुतेक कॅमेऱ्यांचा अंगचा माइक आपोआप बंद होतो. त्यामुळे बिनतारी माइकमध्ये दोष असला, तर सभागृहातील साधा गलबलाही नोंदला जात नाही.

दोष शोधताना सर्वप्रथम वक्त्याला बोलायला सांगून रिसीव्हरवरील ध्वनिदर्शक पट्टी पाहावी. ती हलत नसेल, तर बिघाड वक्त्याच्या बाजूला आहे. कमरेच्या ट्रान्समीटरची बॅटरी संपली आहे का, म्यूटचे बटण दाबले गेले आहे का, माइकची पिन पूर्ण बसली आहे का आणि दोन्ही यंत्रे एकाच चॅनलवर आहेत का, हे तपासावे. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांच्या बॅटऱ्या स्वतंत्र असतात. एक भरलेली दिसली म्हणून दुसरी गृहीत धरू नये.

पट्टी हलत असेल, तर रिसीव्हरपर्यंत आवाज पोहोचला आहे. दोष त्यापुढे, म्हणजे केबलमध्ये किंवा कॅमेऱ्यात आहे. येथे प्लगवरील काळ्या कड्या मोजाव्यात. दोन कड्यांचा प्लग टीआरएस, म्हणजे कॅमेऱ्यासाठीचा. तीन कड्यांचा टीआरआरएस, म्हणजे मोबाइलसाठीचा. दोन्हींची जाडी साडेतीन मिलिमीटरच असल्याने चुकीचा प्लगही कॅमेऱ्यात सहज बसतो. मात्र मोबाइलच्या प्रचलित जोडणीत माइकचा आवाज प्लगच्या मुळाशी असलेल्या भागावर येतो, आणि कॅमेऱ्यात त्याच ठिकाणी अर्थिंग असते. परिणामी आवाज तेथेच विरतो किंवा अत्यंत क्षीण येतो. अशा वेळी दोन्ही टोकांना दोन कड्या असलेली केबल वापरावी. प्लग रिसीव्हरच्या हेडफोनऐवजी आउटपुटच्या आणि कॅमेऱ्याच्या हेडफोनऐवजी माइकच्या भोकात आहे, याचीही खात्री करावी.

केबल योग्य असूनही कॅमेऱ्याची पट्टी स्थिर राहिली, तर मेन्यूत ध्वनिमुद्रण बंद आहे का, किंवा त्याची पातळी शून्यावर आहे का, ते पाहावे. अनेक कॅमेऱ्यांत संथगती चित्रीकरणाच्या वेळी आवाज नोंदलाच जात नाही. पातळी स्वहस्ते कमी ठेवून रिसीव्हरचे आउटपुट वाढवावे. बोलताना कॅमेऱ्याची पट्टी सर्वाधिक उणे १२ डेसिबलच्या आसपास पोहोचावी. उलट, कॅमेऱ्याची पातळी चढवल्यास खरखरही वाढते.

शेवटी दहा सेकंद मुद्रण करून ते हेडफोन लावून ऐकावे. पट्टी हलते, एवढ्याने आवाज स्वच्छ आहे, असे सिद्ध होत नाही.