पाणी कुठवर वाचवतं?

बंगळुरूत निम्हान्सला लागून किदवाई कर्करोग संस्था आहे. १९७३ साली सुरू झालेल्या या सरकारी रुग्णालयात कर्नाटकाच्या कानाकोपऱ्यातून माणसं येतात. त्यात बेळगाव, निपाणी, खानापूरकडची मराठी बोलणारीही असतात. यातल्या निपाणीचं नाव १९८१च्या तंबाखू आंदोलनाने महाराष्ट्रभर झालं. तिथला तंबाखू विडीत जातो, आणि विडी ओढणाऱ्यांपैकी काही जण पुढे घशाचा कर्करोग घेऊन बंगळुरूला पोहोचतात.

त्यांच्यापैकी अनेकांच्या कागदावर एक औषध लिहिलेलं असतं : सिसप्लॅटिन. दिसायला पाण्यासारखं आणि किमतीने स्वस्त. घशाच्या कर्करोगात रेडिएशनची (गावाकडचे लोक त्याला ‘लाईट’ म्हणतात) धार वाढवण्यासाठी आजही पहिली पसंती त्यालाच मिळते. मात्र ते मूत्रपिंड, कान आणि हातापायांच्या नसा या तीन ठिकाणी इजा करतं. ‘किमोच्या दिवशी भरपूर पाणी प्या’ हा सल्ला प्रत्येक वॉर्डात ऐकू येतो आणि तो खराच आहे. पण या तिन्हींपैकी पाण्याने वाचतं फक्त मूत्रपिंड. उरलेल्या दोघांना वाचवण्याचा मार्ग निराळा आहे आणि घरच्यांना तो बहुधा कोणी समजावून सांगत नाही.

हे नीट कळण्यासाठी एक रुग्ण कल्पनेत घेऊ. तो कोणी प्रत्यक्षातला माणूस नाही, पण असे रुग्ण रोज येतात. वय ५४, निपाणीकडचा, उंची १६२ सेंटिमीटर, वजन ५० किलो. गिळताना त्रास होतो म्हणून वजन उतरलेलं. सात आठवडे रेडिएशन आणि त्यासोबत पहिल्या, बाविसाव्या व त्रेचाळिसाव्या दिवशी सिसप्लॅटिन, असं ठरलं आहे.

डोस शरीराच्या पृष्ठभागावरून काढतात. उंची आणि वजन यांचा गुणाकार करून ३६००ने भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. याचं उत्तर येतं १.५ चौरस मीटर. दर चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम म्हणजे एका खेपेला १५० मिलिग्रॅम. आता मूत्रपिंड बघू. रक्तातलं क्रिएटिनिन १.० आहे, आणि प्रयोगशाळेच्या कागदावर त्यापुढे ‘नॉर्मल’ छापलेलं असतं. इथे फसायला होतं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. माणूस वाळला की स्नायू कमी होतात, आणि मग मूत्रपिंड अधू असलं तरी आकडा साळसूद दिसतो. म्हणून वय आणि वजन धरून हिशेब करतात : १४० मधून वय वजा करायचं, त्याला वजनाने गुणायचं आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन याने भागायचं. स्त्रियांसाठी उत्तर आणखी ०.८५ने गुणतात. आपल्या रुग्णाचं उत्तर मिनिटाला जेमतेम ६० मिलिलिटर येतं. मोठ्या डोसासाठी बहुतेक ठिकाणी किमान ५० ते ६० हवं असतं. म्हणजे ‘नॉर्मल’ शेरा मिळालेला हा माणूस खरं तर काठावर उभा आहे.

आता औषधाचं रसायन. प्लॅटिनमचा एक अणू, त्याला दोन अमोनिया आणि दोन क्लोरीन. रक्तात क्लोराइड मुबलक असतं, त्यामुळे दोन्ही क्लोरीन जागेवर राहतात आणि रेणू बराचसा शांत असतो. पेशीच्या आत क्लोराइड फार कमी. तिथे क्लोरीन सुटतात, त्यांच्या जागी पाणी येतं आणि प्लॅटिनम एकदम आक्रमक होऊन डीएनएला चिकटतं. कर्करोगाची पेशी मरते ती यामुळेच. सिसप्लॅटिन नेहमी मिठाच्या सलाईनमधून देतात, नुसत्या ग्लुकोजच्या बाटलीतून देत नाहीत, त्याचं कारणही हेच. मिठातलं क्लोराइड बाटलीत रेणूला धरून ठेवतं.

मूत्रपिंडाची अडचण अशी की तिथल्या नलिकांच्या पेशींवर काही वाहक प्रथिनं असतात आणि ती हे औषध रक्तातून ओढून आत घेतात. नलिकेच्या पेशींत त्याचं प्रमाण रक्ताच्या सुमारे पाचपट होतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, पहिल्या चाचण्यांत, रुग्णांची मूत्रपिंडं इतक्या वेगाने निकामी होऊ लागली की औषध बाजूला पडण्याची वेळ आली होती. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या डॉक्टरांनी १९७७ साली दाखवलं, की भरपूर सलाईन आणि मॅनिटॉल देऊन लघवीचा ओघ वाढवला तर मोठा डोसही सोसवतो. पुढच्याच वर्षी अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. माझ्या मते सिसप्लॅटिनच्या इतिहासात औषधाच्या शोधाइतकंच श्रेय या साध्या मिठाच्या पाण्याला द्यायला हवं, पण सलाईनचं कौतुक करायला कोण बसलंय!

किमोच्या दिवशी काय होतं? सकाळी एक लिटर सलाईन सुमारे दोन तासांत. त्यात पोटॅशियम आणि एक-दोन ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. हे मॅग्नेशियम केवळ टॉनिक म्हणून घातलेलं नसतं. जखमी नलिका मॅग्नेशियम धरून ठेवू शकत नाहीत, ते लघवीतून वाहून जातं, आणि ते कमी झालं की मूत्रपिंडाची इजा आणखी वाढते. मग उलटीची औषधं, मग अर्धा ते एक लिटर सलाईनमधून सिसप्लॅटिन एक-दोन तास, आणि त्यानंतर पुन्हा सलाईन. लघवी ताशी १०० मिलिलिटरच्या आसपास व्हायला हवी. म्हणूनच सिस्टर मापाचं भांडं हातात देतात आणि प्रत्येक वेळी आकडा विचारतात. रुग्ण संकोचतात, काही जण अंदाजे सांगतात. पण त्या दिवशीचा सगळ्यात कामाचा आकडा तोच असतो. पाणी आत गेलं आणि बाहेर आलं नाही, तर सूज आणि धाप यांकडे बघावं लागतं. मॅनिटॉल आता सगळीकडे वापरत नाहीत. लघवी वाढवणारं फ्रुसेमाइडही अंगात पाणी साठलं तरच, कारण ते शरीर कोरडं करतं आणि कानालाही जड जातं.

रुग्णालयातला दिवस त्या मानाने सुरक्षित असतो. धोका नंतरच्या आठवड्यात असतो. आपला रुग्ण रेडिएशनला सुटी असलेल्या दिवसांत रात्रीच्या बसने निपाणीला जातो. वाटेत लघवीला थांबायला नको म्हणून पाणीच पीत नाही. सिसप्लॅटिनची उलटी पहिल्या दिवशी औषधांनी दबते आणि दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत पुन्हा उसळते. घरी द्यायच्या डेक्सामेथासोन, ओलान्झापीनच्या गोळ्या ‘आता बरं वाटतंय’ म्हणून डब्यातच राहतात. पोटात पाणी ठरत नाही. त्यात अंग दुखतं म्हणून कोणी डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन देतं, ताप आला म्हणून कोणी जेंटामायसिन किंवा अमिकासिन सुरू करतं. डायक्लोफिनॅक मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आवळतं. जेंटामायसिन आणि अमिकासिन मूत्रपिंड आणि कान या दोन्हींवर घाव घालतात. किमोचा कागद गावच्या डॉक्टरांना दाखवणं यासाठीच गरजेचं असतं. आणि किमोनंतर ताप आला तर गावात थांबायचं नसतं, त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं असतं.

रेडिएशनचा चौथा-पाचवा आठवडा आणखी वाईट. घसा सोलवटतो, पाण्याचा घोटही जाळतो. रोज दोन लिटर पाणी हवं असतं आणि नेमकं तेव्हाच ते उतरत नाही. अशा वेळी नाकातून घातलेली नळी बघून घरचे घाबरतात, पण त्या नळीतून अन्नाबरोबर मोजून पाणी जातं आणि मूत्रपिंड तगतं. तहान हा भरवशाचा निकष नाही. उठल्यावर चक्कर येणं, दिवसभरात लघवी दोन-तीनदाच होणं, तिचा रंग गडद होणं आणि दोन दिवसांत दीड-दोन किलो वजन उतरणं, ही लक्षणं जास्त खरी. क्रिएटिनिन लगेच दुसऱ्या दिवशी तपासून फार काही कळत नाही. इजा साधारण आठवड्याभरात आकड्यात उतरते.

कानाचं वागणं वेगळं. शंखासारख्या अंतःकर्णाच्या बुडाशी उंच पट्टीचे स्वर टिपणाऱ्या केसपेशी असतात, त्या आधी मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की इतर अवयवांतून औषध निघून जातं, पण अंतःकर्णात ते महिनेच काय, वर्षंही राहतं. म्हणजे बाहेरून कितीही सलाईन ओतलं तरी तिथला साठा धुऊन निघत नाही. नुकसान आधी ६००० ते ८००० हर्ट्झला होतं. रोजचं बोलणं बरंचसं त्याखाली असल्यामुळे रुग्ण म्हणतो, ‘मला सगळं ऐकू येतंय.’ मग कानात सूं असा आवाज सुरू होतो, गर्दीत स, श, फ निसटू लागतात, नातवंडांचं बोलणं कळेनासं होतं. म्हणून पहिल्या डोसाआधी ऑडिओग्राम हवा आणि पुढच्या प्रत्येक डोसाआधी पुन्हा. आधीचा आलेख नसेल तर नंतरच्या आलेखातलं नुकसान औषधाचं की वयाचं, हे कोण सांगणार? लहान मुलांसाठी सोडियम थायोसल्फेट हा एक उपाय निघाला आहे. सिसप्लॅटिननंतर सहा तासांनी तो देतात. यकृताच्या कर्करोगाच्या मुलांवरील चाचणीत श्रवणदोषाचं प्रमाण त्याने ६३ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आलं. पण तो उपाय शरीरात न पसरलेल्या ट्यूमरच्या मुलांसाठी आहे. आपल्या ५४ वर्षांच्या माणसाला त्याचा आधार नाही.

नसांचा त्रास उशिरा येतो. कण्याजवळच्या संवेदी चेतापेशींत प्लॅटिनम साठतं आणि एकूण डोस दर चौरस मीटरला ३०० मिलिग्रॅमच्या आसपास गेला की पायाच्या बोटांत मुंग्या सुरू होतात. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, शर्टाचं बटण लावायला वेळ लागतो. डॉक्टर १२८ हर्ट्झचा ध्वनिकाटा अंगठ्यावर टेकवून कंप जाणवतो का विचारतात. तपासणी मिनिटभराची, पण गर्दीत तीच राहून जाते. औषध थांबल्यावरही हा बधिरपणा काही महिने वाढत जातो. त्यामुळे ‘किमो संपली, आता पाय का बिघडले?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आधीच सांगायला हवं. प्रतिबंधक म्हणून सिद्ध झालेलं औषध नाही. बी-जीवनसत्त्वाच्या गोळ्या सर्रास लिहिल्या जातात, त्यांनी नस वाचते असा पुरावा नाही.

मग डोसच लहान का करू नये? मुंबईच्या टाटा रुग्णालयाने हे ३०० रुग्णांवर तपासलं आणि २०१८ साली निष्कर्ष छापले. दर आठवड्याला दर चौरस मीटरला ३० मिलिग्रॅम घेणाऱ्यांना त्रास कमी झाला, पण दोन वर्षांनी डोके-मानेतला आजार आटोक्यात होता ५८.५ टक्क्यांत. तीन आठवड्यांनी १०० घेणाऱ्यांत तो आकडा ७३.१ होता. त्रास वाचवताना आजारावरची पकड सुटली. पुढे २०२२ साली ‘कॉन्सर्ट’ या भारतीय चाचणीत दर आठवड्याच्या ४० मिलिग्रॅमचा मार्ग मोठ्या डोसाच्या तोडीस तोड दिसला. म्हणजे ३० आणि ४० यांतला फरक किरकोळ मानून चालत नाही.

आपल्या रुग्णाकडे परत येऊ. पहिला डोस निभावला. दुसऱ्यानंतर आठव्या दिवशी क्रिएटिनिन १.५, हिशेबाने मूत्रपिंड ४० वर. नळीतून पाणी वाढवलं, वेदनाशामक बदललं, मॅग्नेशियम दिलं, आणि तिसऱ्या डोसाच्या सुमारास ते १.२ वर, म्हणजे ५०च्या जवळ आलं. पाण्याने आपलं काम केलं. त्याच आठवड्यात ऑडिओग्राममध्ये ६००० आणि ८००० हर्ट्झला दोन्ही कानांत २० डेसिबलची घसरण दिसली. रुग्णाची तक्रार काहीच नव्हती. एव्हाना एकूण डोस दर चौरस मीटरला २०० मिलिग्रॅम झाला होता, आणि रेडिएशनसोबत तेवढा गेला तर बहुतांश फायदा पदरात पडतो असं आजवरची निरीक्षणं सांगतात. म्हणून कान आणि नसा वाचवण्यासाठी तिसरा डोस रद्द झाला, रेडिएशन पूर्ण झालं. सुटीच्या कागदावर तीन गोष्टी लिहिल्या गेल्या : क्रिएटिनिन आणि मॅग्नेशियम दोन आठवड्यांनी, ऑडिओग्राम तीन महिन्यांनी, आणि प्रत्येक भेटीत अंगठ्यावर ध्वनिकाटा.