मराठी तिसरी आली, पण वर्तुळात दिसली नाही

२०११च्या जनगणनेत मातृभाषांच्या क्रमवारीत मराठीने तेलुगूला मागे टाकून तिसरी जागा घेतली. मराठी ६.८६ टक्के, तेलुगू ६.७० टक्के. आता हे आकडे वृत्तालेखात, म्हणजे ओळखीच्या पाय चार्टमध्ये मांडून बघा. एका टक्क्याला ३.६ अंश, म्हणजे मराठीचा कोन २४.७ अंशांचा आणि तेलुगूचा २४.१ अंशांचा. हा फरक नुसत्या नजरेला कळणं अशक्यच.

दोष नजरेचा नाही. दोन वस्तू एकाच रेषेवर उभ्या केल्या की उंच कोण ते आपण चटकन सांगतो. कोन जोखताना मात्र चुकतो. क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संशोधकांनी १९८४ साली प्रयोग करून हेच दाखवलं. वर्तुळात तर प्रत्येक फोड आधीची संपते तिथून सुरू होते आणि वेगळ्याच दिशेला तोंड करून बसते. हिंदी (४३.६३) आणि बंगाली (८.०३) यांत गोंधळ होत नाही. त्यापुढच्या भाषा एकमेकींना खेटून येतात आणि कोकणीपाशी (०.१९) फोड संपून नुसती रेघ उरते. शिवाय आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांना २२ रंग हवेत. फिकट हिरवा कुठला आणि पोपटी कुठला, हे शोधत वाचक वर्तुळ आणि रंगसूची यांच्यात येरझारा घालतो.

त्यापेक्षा आडव्या पट्ट्या काढाव्यात. सगळ्या डावीकडच्या एकाच रेषेपासून निघणाऱ्या, मोठ्यापासून लहानाकडे लावलेल्या, प्रत्येकीशेजारी भाषेचं नाव आणि आकडा. रंग एकच पुरतो. मराठीला हवा तर गडद द्या.

इथेही अडचण येते. हिंदीची पट्टी इतकी लांब होते की बाकीच्या चिमुकल्या दिसतात. मी हिंदीचा आकडा एका वाक्यात सांगेन आणि उरलेल्या भाषांच्याच पट्ट्या काढेन. टक्क्याला दीड सेंटिमीटर धरलं तर बंगालीची पट्टी १२ सेंटिमीटरची होते आणि मराठी तेलुगूच्या सुमारे अडीच मिलिमीटर पुढे जाते. तेवढं डोळ्याला पुरतं. फरक ठळक व्हावा म्हणून पट्ट्या शून्याऐवजी साडेसहापासून सुरू करायचा मोह मात्र टाळावा, नाहीतर मराठी तेलुगूच्या जवळजवळ दुप्पट दिसेल!

वृत्तालेख अगदीच टाकाऊ नाही. हिंदी आणि इतर सगळ्या, अशा दोनच फोडी केल्या तर हिंदी निम्म्याहून कमी आहे हे त्यात पट्ट्यांपेक्षा लवकर कळतं.

मराठी पुढे कशी गेली, हे सांगायचं असेल तर २००१चे आकडेही घ्यावे लागतील: तेलुगू ७.१९, मराठी ६.९९. डावीकडे २००१, उजवीकडे २०११, आणि प्रत्येक भाषेची एक रेघ. दोन्ही रेघा खाली उतरतात, तेलुगूची जास्त, आणि वाटेत एकमेकींना छेदतात. मराठीचा वाटाही घटलाच होता, हे तिथे लपत नाही.