स्वतःसाठी घासाघीस

पगाराची भाषा : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण पगाराची स्लिप उलगडून पाहिली. हातात येणारी रक्कम आणि सीटीसी यांच्यात एवढं अंतर का असतं, तेही समजून घेतलं. आज स्लिपवरचा आकडा वाढवण्याबद्दल बोलू, आणि सुरुवात मंडईपासून करू.

मंडईत मेथीच्या जुडीचे पाच रुपये कमी करून घेणारी, चार दुकानं फिरून साडीचा भाव पाडणारी, शाळेत जाऊन मुलीच्या फीचे हप्ते बांधून घेणारी बाई ऑफिसात मात्र सहा-सहा वर्षं पगाराबद्दल अवाक्षर काढत नाही. तिला घासाघीस येत नाही असं कोण म्हणेल? फरक एवढाच, की मंडईत ती घरासाठी भांडते आणि ऑफिसात तिला स्वतःसाठी बोलावं लागतं.

एमिली अमनतुल्ला आणि मायकेल मॉरिस या अमेरिकी संशोधकांनी २०१० मध्ये नेमका हाच फरक तपासला. त्यांनी लोकांना पगाराच्या लुटुपुटूच्या वाटाघाटीला बसवलं. काहींना स्वतःसाठी बोलायचं होतं, काहींना दुसऱ्या कुणासाठी. दुसऱ्यासाठी बोलताना बायका पुरुषांइतक्याच ठामपणे आकडा मागत होत्या. स्वतःसाठी बोलताना मात्र त्यांचा आकडा खाली आला. जास्त मागितलं तर समोरचा आपल्याबद्दल वाईट मत करून घेईल, हे त्यांनी आधीच धरलेलं होतं.

ही भीती निव्वळ मनातली आहे का? हॅना राइली बोल्स, लिंडा बॅबकॉक आणि लेई लाय यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून याचं उत्तर मिळतं. एका प्रयोगात लोकांना उमेदवारांच्या मुलाखतींच्या चित्रफिती दाखवल्या. काही उमेदवार देऊ केलेला पगार गुमान स्वीकारत होते, काही वाढवून मागत होते. मग प्रश्न विचारला, की या व्यक्तीबरोबर काम करायला तुम्हाला आवडेल का? पगार मागणाऱ्या बाईला पुरुष परीक्षकांनी पुरुषापेक्षा जास्त गुण कापले. बायकांनी मात्र मागणारा पुरुष असो वा बाई, दोघांचेही गुण कापले. आणखी एका प्रयोगात लोकांनाच उमेदवाराच्या जागी बसवलं. समोर पुरुष परीक्षक असेल तेव्हा पगाराचा विषय काढायला बायका पुरुषांपेक्षा जास्त कचरल्या. समोर बाई असेल तेव्हा हा फरक उरला नाही.

म्हणजे कचरणाऱ्या बाईचा अंदाज बरोबर असतो. दंड कुठे बसतो हे तिला ठाऊक असतं आणि ती तिथेच थांबते. म्हणून 'धीट व्हा, मागून टाका' हा सल्ला अर्धवट आहे. ऑस्ट्रेलियातल्या सुमारे ४,६०० नोकरदारांच्या माहितीवरून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बायका पुरुषांइतक्याच वेळा पगारवाढ मागत होत्या. मिळाली मात्र मागणाऱ्या पुरुषांपैकी २० टक्क्यांना आणि बायकांपैकी १५ टक्क्यांना.

आपल्याकडे या दंडाला खास आपली भाषा आहे. लग्न झालेल्या बाईला 'मिस्टर चांगले कमावतात ना?' असं विचारलं जातं. लग्न न झालेलीला 'तुझ्यावर कुठे जबाबदारी आहे?' असं. पुरुषाला मात्र घर चालवायचं असतं, त्यामुळे त्याच्या मागण्याला कारण आयतंच मिळतं. हे ओझं फक्त बायकांच्याच वाट्याला येतं असंही नाही. मामाने साहेबांकडे शब्द टाकून ज्या मुलाला नोकरी लावली, त्याने पगार वाढवून मागणं म्हणजे मामाच्या शब्दाची शोभा करणं. घरात पहिल्यांदाच कुणी ऑफिसात खुर्चीवर बसलं असेल, तर 'देतायत ते काय कमी आहे' हे आई-वडिलांचं वाक्य कानात घुमत राहतं. त्यात मराठीत 'मागणं' म्हटलं की एक तर हात पसरणं आठवतं, नाही तर मोर्चा. पगाराबाबत यातलं काहीच करायचं नसतं, म्हणून आपण 'पगाराबद्दल बोलणं' असा शब्द वापरू.

आता तयारी. बोल्स आणि बॅबकॉक यांनी २०१३ मध्ये यावर पुढचं संशोधन केलं, त्याचा निष्कर्ष उपयोगी आहे. बाईने मागणीला रास्त कारण दिलं, तर पैसे मिळण्याची शक्यता वाढत होती, पण तिच्याबद्दलचं मत सुधारत नव्हतं. संस्थेशी असलेल्या नात्याची काळजी दाखवली, तर मत सुधारत होतं, पण पैसे वाढत नव्हते. दोन्ही वाक्यं नुसती एकामागे एक ठेवूनही भागलं नाही. मागणीचं कारणच असं हवं होतं, की त्यातून संस्थेचा फायदा किंवा तिथल्याच कुणा वरिष्ठाचा सल्ला दिसावा. त्या प्रयोगातलं एक वाक्य साधारण असं होतं : 'तुमच्याशी याबद्दल बोलावं, असं माझ्या टीम लीडरने सुचवलं.'

हे आपल्या ऑफिसात कसं दिसेल? समजा, पुण्यातल्या एका मध्यम कंपनीत, अकाउंट्समध्ये एक बाई सहा वर्षं काम करते आहे. सीटीसी वर्षाला ५,४०,००० रुपये. दीड वर्षापूर्वी शेजारच्या टेबलावरची सहकारी सोडून गेली. तिच्या जागी कुणी आलं नाही, आणि जीएसटीचं काम हिच्याकडे सरकलं.

तिची पहिली तयारी म्हणजे कामाचा एक कागद. 'मी खूप मेहनत करते' हे त्यात लिहायचं नाही, कारण मेहनत सगळेच करतात. लिहायचं ते असं : जानेवारी २०२२ पासून, पुरवठादाराने आपलं विवरणपत्र भरलं नाही आणि त्याचं बिल आपल्या जीएसटीच्या टू-बी विवरणात दिसलं नाही, तर त्यावरचं क्रेडिट घेता येत नाही. तेवढा कर कंपनीच्या खिशातून जातो. ही बाई दर महिन्याच्या १४ तारखेला टू-बी आलं, की खरेदीच्या नोंदींशी ते जुळवते, कुणाचं बिल दिसत नाही त्याची यादी काढते आणि पुरवठादारांना फोन लावते. गेल्या वर्षभरात असं अडकलेलं ३,२०,००० रुपयांचं क्रेडिट तिने सोडवून आणलं. पुरवठादारांच्या नावांसह, महिन्यागणिक, एका पानात हे सगळं मांडायचं. कागद आठवणीवर लिहायला बसलं तर निम्मं सुटतं, म्हणून तीन-चार महिने आधीपासून टिपणं ठेवायची.

दुसरी तयारी बाजारभावाची. इथे एक चूक सर्रास होते. बाई आपल्या मैत्रिणींनाच पगार विचारते, आणि त्याही तिच्यासारख्याच न बोलता राहिलेल्या असतात. त्यामुळे तिला 'बरोबर' वाटणारा आकडाच मुळात कमी निघतो. याच कामावरच्या दोन-तीन पुरुषांना आणि नोकऱ्या लावून देणाऱ्या एखाद्या कन्सल्टंटलाही विचारायला हवं. 'तुमचा पगार किती' असं विचारायला अवघड वाटत असेल, तर 'एवढ्या अनुभवाला, या कामाला हल्ली काय देतात?' असं विचारावं. याचं उत्तर लोक मोकळेपणाने देतात. आकडे ताडताना सीटीसीची तुलना सीटीसीशीच करायची. समजा, तिला साडेसहा ते सव्वासात लाख असं उत्तर मिळालं. तर ती ६,८०,००० बोलेल, आणि ६,३०,००० च्या खाली आनंद मानणार नाही. हे दोन्ही आकडे घरून लिहून न्यायचे. समोर बसल्यावर ठरवायला गेलं की हात आखडतो.

तिसरी तयारी वेळेची. एप्रिल-मार्च वर्ष धरणाऱ्या कंपनीत अप्रेझलचं पत्र हातात पडतं, त्याच्या बरंच आधी वाढीचं बजेट ठरलेलं असतं. पत्र आल्यावर बोलणं म्हणजे पंगत उठल्यावर पान मांडणं. बोलायचं डिसेंबर-जानेवारीत. त्यातही महिन्याच्या ११ ते २० या तारखा टाळायच्या, कारण तेव्हा विवरणपत्रांची घाई असते आणि साहेबांचं डोकं ठिकाणावर नसतं.

मग वाक्यं. तिने साहेबांना सांगावं : "सर, जीएसटीचं काम माझ्याकडे आल्यापासून अडकलेलं क्रेडिट आपण बरंच सोडवलं, त्याचा हा कागद. पुढच्या वर्षी हे काम मला आणखी नीट बसवायचं आहे, आणि एका ज्युनिअरलाही शिकवायचं आहे. ऑडिटच्या वेळी तुम्हीच म्हणाला होतात, की जबाबदारी वाढली की पगाराचं बोलू. या कामाला माझा पगार ६,८०,००० असावा असं मला वाटतं." पहिल्या वाक्यात 'आपण' आहे, आकडा मात्र 'माझा' आहे. साहेबांचं जुनं वाक्य खरोखर बोललं गेलेलं असेल, तरच वापरायचं. आणि आकडा सांगितला की गप्प बसायचं. 'म्हणजे जमलं तर', 'नाही तरी चालेल' अशी शेपटं जोडली, की आपणच आपला भाव पाडतो. हे सगळं आधी दोनदा मोठ्याने म्हणून पाहावं, समोर भाऊ असो वा आरसा.

येणारी उत्तरं ठरलेली असतात. "मिस्टर असतात ना नोकरीला?" यावर चिडायचंही नाही आणि घरचा हिशोबही द्यायचा नाही. "हो सर, पण हे या कामाबद्दल आहे," म्हणून बोट पुन्हा कागदावर. आपणच मुलांची फी, घराचा हप्ता काढला, की बोलणं कामावरून गरजेवर घसरतं आणि गरजेच्या तराजूत तिचं पारडं हलकंच ठरवलेलं असतं. "यंदा दहा टक्क्यांच्या वर कुणालाच नाही," हे दुसरं उत्तर. दहा टक्के म्हणजे ५,९४,०००. ते घ्यायचं, पण विचारायचं : "मग ऑक्टोबरमध्ये पुन्हा बघू या का? तोपर्यंत काय झालेलं हवं, ते मी मेलवर लिहून पाठवते." तो मेल त्याच संध्याकाळी गेला पाहिजे. तोंडी आश्वासन साहेबांच्या बदलीबरोबर जातं.

या तयारीची मर्यादाही सांगायला हवी. 'आपण'ची वाक्यं जुळवत बसण्याचे हे कष्ट पुरुष सहकाऱ्याला पडत नाहीत. अन्याय्य रीत मोडण्याऐवजी तिच्यातून वाट काढण्याचा हा प्रकार आहे. शिवाय सगळं चोख करूनही नकार येऊ शकतो. दोनदा लेखी ठरलं आणि दोनदा टळलं, तर त्या ऑफिसात काय मिळणार हे कळलं, असं समजून तोच कागद बायोडाटाला जोडावा.

रीत बदलायची किल्ली टेबलाच्या पलीकडच्या बाजूला आहे. अँड्रियास लाइब्रँट आणि जॉन लिस्ट यांनी अमेरिकेत नोकरीच्या खऱ्या जाहिराती देऊन एक प्रयोग केला. पगाराबद्दल बोलता येईल की नाही, हे जाहिरातीत मोघम होतं, तेव्हा पुरुष जास्त बोलले. 'पगाराबाबत चर्चा करता येईल' असं स्पष्ट लिहिलं, तेव्हा स्त्री-पुरुषांतला तो फरक नाहीसा झाला. तुमच्यापैकी जे साहेब किंवा मॅडम आहेत, त्यांनी यंदाच्या अप्रेझलच्या फॉर्मवर हे एक वाक्य छापावं. त्याला बजेट लागत नाही.