लॅपटॉपचा बाहेरचा मॉनिटर आणि रेखीव मराठी अक्षर

लॅपटॉपला जोडलेल्या मॉनिटरवर अक्षर पुसट दिसले की दोष मॉनिटरला दिला जातो. बहुतेक वेळा मात्र मॉनिटर चांगलाच असतो. लॅपटॉपकडून त्याला किती ठिपक्यांचे चित्र पाठवले जाते, तिथे चूक झालेली असते. मॉनिटरच्या काचेमागे ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची, जाळी कारखान्यातच कायमची बसवलेली असते. फुल एचडी मॉनिटरवर आडव्या रांगेत १९२० आणि उभ्या रांगेत १०८० पिक्सेल असतात. ही संख्या कोणत्याही सेटिंगने बदलत नाही. सेटिंगमधून बदलते ते फक्त लॅपटॉपने तयार केलेले चित्र. ते चित्र जाळीशी ठिपक्याला ठिपका जुळले, तर अक्षर रेखीव दिसते. नाही जुळले, तर मॉनिटरला किंवा लॅपटॉपला ते ताणून बसवावे लागते.

जाळी किती दाट आहे हे एका इंचात किती पिक्सेल मावतात यावरून कळते. १९२० आणि १०८० यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले, की पडद्याच्या कर्णावर सुमारे २२०३ पिक्सेल येतात. त्याला २४ इंचांनी भागले, की उत्तर ९२ येते. २७ इंची, २५६० × १४४० पिक्सेलच्या मॉनिटरवर हाच आकडा १०९ भरतो. बाजारातले बहुसंख्य मॉनिटर या ९० ते ११० च्या पट्ट्यात मोडतात, आणि हीच साधारण घनता. १३.६ इंची मॅकबुक एअरच्या पडद्यावर मात्र इंचाला २२४ पिक्सेल असतात. त्यामुळे अशा दाट पडद्यावर झालेली चूक एक वेळ खपून जाते. बाहेरच्या मॉनिटरवर ती लगेच डोळ्यांत भरते.

देवनागरीला जागा किती मिळते

रोमन लिपीपेक्षा देवनागरीला ही चूक जास्त भोवते. विंडोजवर मोजणीचा पाया इंचाला ९६ पिक्सेल असा धरलेला आहे. त्या हिशेबाने ११ पॉइंटच्या अक्षराला १०० टक्के स्केलवर साधारण १५ पिक्सेलची उंची मिळते. या उंचीतच शिरोरेषेवरच्या मात्रा आणि खालचे उकार बसवायचे असतात. त्यामुळे मुख्य अक्षराच्या वाट्याला जेमतेम आठ-दहा पिक्सेल येतात आणि शिरोरेषेला साधारण एकच रांग.

‘कवठे महांकाळ’ हे नाव या मापात पाहिले, तर अडचण नेमकी कुठे आहे ते दिसते. ‘ठ’चे पोट आणि ‘ळ’चे दोन वेढे यांच्या आतली मोकळी जागा दोन-तीन पिक्सेलची असते. ‘हां’वरचा अनुस्वार एक-दोन पिक्सेलचा असतो. चित्र थोडे जरी ताणले गेले, तरी पोट भरून येते, वेढे बुजतात आणि अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. सातबाऱ्यावर खातेदाराचे नाव तपासताना नेमके हेच तपशील लागतात.

रेझोल्यूशन कमी केल्यावर काय घडते

अक्षर बारीक वाटले, की हात आधी `Display resolution`कडे जातो. १९२० × १०८० ऐवजी १२८० × ७२० निवडले, की सगळे दीडपट मोठे होते, पण त्याबरोबरच पुसटही होते. कारण लॅपटॉपने अक्षर काढले ते ७२० रांगांच्या चित्रात, म्हणजे १५ पिक्सेलचेच. ते चित्र नंतर १०८० रांगांवर ताणले जाते. एक पिक्सेलची शिरोरेषा आता दीड पिक्सेलची व्हायला हवी, पण अर्धा पिक्सेल जाळीत नसतो. मग एक रांग काळी आणि शेजारची करडी होते. १६०० × ९०० निवडले तर प्रमाण १.२ पट येते. तेव्हा करडेपणा कमी असतो, पण सारखा नसतो. रेघ जाळीवर कुठे पडते त्यानुसार एका ओळीची शिरोरेषा ठसठशीत आणि पुढच्या ओळीची फिकी दिसते.

त्याऐवजी रेझोल्यूशन १९२० × १०८० वरच ठेवून `Scale` १५० टक्के केले, तर अक्षराचा आकार आणि पडद्यावर मावणारा मजकूर १२८० × ७२० इतकाच राहतो. अक्षर मात्र १५ ऐवजी २२ पिक्सेलमध्ये नव्याने रेखाटले जाते. फाँटमध्ये अक्षराचा आकार वक्ररेषांच्या रूपात साठवलेला असतो, त्यामुळे तो हव्या त्या मापात पुन्हा काढता येतो. रेझोल्यूशन घटवणे म्हणजे बारीक अक्षरातल्या उताऱ्याची मोठी झेरॉक्स काढणे. स्केल वाढवणे म्हणजे तोच उतारा मोठ्या अक्षरात पुन्हा लिहिणे. या लेखाचे सूत्र एवढेच: रेझोल्यूशन मॉनिटरच्या जाळीइतके ठेवावे आणि आकार स्केलने वाढवावा.

एक उदाहरण, पायरीपायरीने

कवठे महांकाळसारख्या तालुक्याच्या गावी दाखले आणि उतारे काढून देणाऱ्या केंद्रात १५.६ इंची, १३६६ × ७६८ पिक्सेलचा जुना लॅपटॉप आहे आणि त्याला २४ इंची फुल एचडी मॉनिटर जोडला आहे, असे समजू. मॉनिटर नवा असूनही अक्षर फुगीर आणि धुरकट दिसते.

पहिला संशय `Duplicate`वर घ्यावा. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दाखवायचे ठरले, की विंडोज दोघांना पेलेल असे रेझोल्यूशन निवडते. लॅपटॉपला १३६६ × ७६८ पेक्षा जास्त दाखवता येत नसल्याने मॉनिटरलाही सहसा तेच मिळते आणि ते सुमारे १.४ पट ताणले जाते. विंडोजची कळ आणि P एकत्र दाबून `Extend` किंवा `Second screen only` निवडले, की ही अडवणूक संपते.

त्यानंतर `Settings`, `System`, `Display` या वाटेने जाऊन वरच्या चित्रात बाहेरचा मॉनिटर निवडावा. लॅपटॉपचा पडदा निवडलेला राहिला, तर बदल भलत्याच पडद्यावर होतात. `Display resolution`मध्ये ज्या आकड्यापुढे `Recommended` लिहिलेले असते, तो बहुधा जाळीचा मूळ आकडा असतो. इथे तो १९२० × १०८० असायला हवा. `Scale` आधी १०० टक्के ठेवून पाहावे आणि बारीक वाटले तर १२५ करावे. १२५ वर ११ पॉइंटच्या अक्षराला १८ पिक्सेल मिळतात आणि पडद्यावर १५३६ × ८६४ इतका मजकूर मावतो. सातबाऱ्याचे उभे रकाने पाहायला ही तडजोड बहुतेकांना सोयीची पडते. प्रत्येक पडद्याचे स्केल वेगळे ठेवता येते.

मग `Advanced display` उघडून पडताळा घ्यावा. तिथे विंडोज ११ मध्ये `Desktop mode` आणि `Active signal mode` असे दोन आकडे दिसतात. पहिला लॅपटॉपने तयार केलेल्या चित्राचा, दुसरा तारेतून जाणाऱ्या चित्राचा. दोन्ही सारखे नसतील, तर चित्र लॅपटॉपमध्येच ताणले जात आहे. दोन्ही सारखे असूनही ते मॉनिटरच्या जाळीपेक्षा कमी असतील, तर ते मॉनिटरमध्ये ताणले जाते. दोन्ही १९२० × १०८० असले, की ठिपक्याला ठिपका जुळला. शेवटी `cttune` हा आदेश चालवून क्लिअरटाइपचे नमुने बाहेरच्या मॉनिटरवर पाहून निवडावेत. क्लिअरटाइप प्रत्येक पिक्सेलमधले लाल, हिरवे आणि निळे भाग स्वतंत्रपणे वापरून अक्षराची कड रेखीव करते, त्यामुळे साध्या घनतेच्या पडद्यावर त्याचा उपयोग जाणवतो.

एवढे करूनही एखादाच प्रोग्राम पुसट दिसला, तर तो जुना आहे असे समजावे. २००१ साली आलेल्या पेजमेकर ७ सारख्या प्रोग्रामला स्केल म्हणजे काय हे ठाऊक नसते. तो जुन्या मापात चित्र काढतो आणि विंडोज ते ताणते. प्रोग्रामच्या फाइलवर उजवी क्लिक करून `Properties`, `Compatibility`, `Change high DPI settings` इथे जावे आणि `Override high DPI scaling behavior`खाली `System (Enhanced)` निवडून पाहावे. अनेक प्रोग्रामची अक्षरे त्याने नव्याने रेखाटली जातात. फरक पडला नाही, तर त्या प्रोग्रामपुरते काम १०० टक्के स्केलवर करणे बरे.

मॅकबुकची वेगळी रीत

मॅकबुकवर टक्क्यांचे स्केल नसते. अॅपलने दाट पडद्यांसाठी दुपटीची रीत स्वीकारली आहे: आधी सगळे दुप्पट रुंदी-उंचीत रेखाटायचे आणि मग पडद्याच्या जाळीइतके आकसून दाखवायचे. साध्या घनतेच्या मॉनिटरला ही दुपटीची सोय मॅकओएस सहसा आपणहून देत नाही. शिवाय २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून पिक्सेलच्या तीन रंगभागांचा वापर मुळात बंद झाला. त्यामुळे विंडोजवर बरा दिसणारा मॉनिटर मॅकबुकला जोडला, की अक्षर फिके वाटते.

२७ इंची, २५६० × १४४० च्या मॉनिटरवर अक्षर बारीक वाटले आणि यादीतून साधे १९२० × १०८० निवडले, तर चित्र १.३३ पट ताणले जाते आणि आधी सांगितलेला करडेपणा येतो. बेटरडिस्प्लेसारख्या प्रोग्रामने अशा मॉनिटरलाही दुपटीची रीत लावता येते. मग १९२० × १०८० चा मजकूर आधी ३८४० × २१६० मध्ये रेखाटला जातो आणि तिथून २५६० × १४४० वर आकसतो. ताणताना नसलेले ठिपके भरावे लागतात. आकसताना जास्तीचे ठिपके एकत्र मिसळतात. म्हणून अक्षराचा घाट टिकतो, वेढे मोकळे राहतात. एक पिक्सेलच्या सरळ रेघा मात्र किंचित मऊ होतात, कारण प्रमाण दीडास एक असे अपूर्णांकात येते. चित्र मोठे काढावे लागत असल्याने लॅपटॉपच्या ग्राफिक्सवर भारही वाढतो.

सेटिंग बरोबर असूनही पुसट

आकडे जुळूनही फक्त रंगीत अक्षरांच्या, विशेषतः काळ्यावरच्या लाल अक्षरांच्या, कडा पसरलेल्या दिसल्या, तर लॅपटॉप मॉनिटरला टीव्ही समजून रंगांची माहिती कमी करून पाठवत असतो. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रंगाचा प्रकार `RGB` करावा. जुनी व्हीजीए तार असेल, तर एचडीएमआयची लावावी. व्हीजीएमध्ये ठिपक्याला ठिपका जुळण्याची खात्री नसते. अक्षरांभोवती पांढरी झालर दिसली, तर मॉनिटरच्या मेनूमधला शार्पनेस वाढलेला असतो. तो मूळ आकड्यावर आणावा.

या सगळ्यातून मॉनिटरच्या जाळीत जेवढे ठिपके आहेत तेवढ्यांचा पुरा उपयोग होतो. नवा ठिपका एकही वाढत नाही. दिवसभर बारीक देवनागरीच वाचायची असेल, तर पुढचा मॉनिटर २७ इंची, ३८४० × २१६० चा घ्यावा. त्याची घनता १६३ आहे. १५० टक्के स्केलवर त्यात २५६० × १४४० इतकाच मजकूर मावतो, पण प्रत्येक अक्षराला दीडपट उंचीची जाळी मिळते.