अनुक्रमांकावर किती भरवसा?

शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरचं स्कॅन संगणकाकडून वाचून घेतलं की नोंदींचा तक्ता हाती येतो. मग पहिला मोह होतो तो अनुक्रमांकानुसार नोंदी लावून घेण्याचा. पण नेमका तो आकडाच चुकीचा वाचला गेलेला असतो, किंवा लिहिणाऱ्याचाच हात चुकलेला असतो. म्हणून आधी प्रत्येक ओळ कुठल्या पानावर, वरून कितवी आहे, ते नोंदवून ठेवायचं. खरा क्रम तोच. अनुक्रमांक हा फक्त साक्षीदार, आणि त्याची उलटतपासणी घ्यायची.

समजा, एका पानावरच्या दहा ओळींचे क्रमांक असे आले: २०८, २०९, २१०, २९१, २१२, २१३, २१३, २१४, २१६, २१७. प्रत्येक आकड्यातून ओळीचं स्थान वजा करा. स्थान A रकान्यात आणि क्रमांक B रकान्यात, दोन्ही इंग्रजी अंकांत असतील, तर एक्सेलमध्ये `=B2-A2` एवढंच सूत्र पुरतं. उत्तरं येतात: २०७, २०७, २०७, २८७, २०७, २०७, २०६, २०६, २०७, २०७.

आता चुका आपापल्या वळणाने ओळखता येतात. चौथ्या ओळीत फरक एकदाच उसळला आणि लगेच जागेवर आला. म्हणजे २११ मधला १ संगणकाने ९ वाचला असणार. चित्रात पाहून खात्री करायची. आकड्यानुसार लावलं असतं, तर हा विद्यार्थी कित्येक पानं पुढे गेला असता. सातव्या ओळीत फरक एकाने उतरला आणि पुढच्या ओळीतही तसाच राहिला, म्हणजे २१३ दोनदा आला. दोन्ही ओळींत नावं वेगळी असतील, तर लिहिणाऱ्यानेच तो आकडा दोनदा टाकला. सगळा मजकूर सारखा असेल, तर एकच ओळ दोनदा वाचली गेली असण्याची शंका घ्यावी.

२१५ चं काय? इथे ओळींमधलं अंतर बोलतं. इतर ओळी साठ-साठ पिक्सेलवर असतील आणि २१४ ते २१६ हे अंतरही तेवढंच असेल, तर मधली ओळ सुटलेली नाही, कारकुनाने आकडा गाळला. बहुधा दोनदा लिहिलेला २१३ लक्षात आल्यावर त्याने पुढे हिशोब जुळवून घेतला. अंतर दुप्पट असेल, तर वाचताना ओळ गळली. पान तिरकं स्कॅन झालं असेल, तर ते आधी सरळ करूनच मोजायचं.

प्रवेशाची तारीख हा दुसरा साक्षीदार. नोंदी प्रवेश झाला तशा केल्या असतील, तर तारखा मागे जात नाहीत. पण उडी दोन पानांच्या सीमेवर असेल, तर अंतर मोजून काही कळत नाही. एका पानावर जितक्या ओळी मावतात तितकेच आकडे गायब असतील, तर एक पान स्कॅन व्हायचं राहिलं का, हे मूळ वहीतच पाहावं लागतं. वहीच नसेल, तर तिथे 'अनिश्चित' असा शेरा मारायचा.

सगळं उलगडल्यावरही आकडे नव्याने घालू नयेत. दोघांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर २१३ हाच क्रमांक गेलेला असतो. म्हणून पान-ओळीचा क्रम एका रकान्यात, वहीतला क्रमांक दुसऱ्यात, आणि संगणकाने वाचलेला तिसऱ्यात.