चिलर चालू झाला, पण पास झाला का?

मोठ्या रुग्णालयाचा एसी म्हणजे बहुतेक वेळा चिलर प्लांट. चिलर पाणी 7 अंशांपर्यंत थंड करतो, पंप ते इमारतभर फिरवतात आणि उष्णता घेऊन ते 12 अंशांच्या आसपास परत येतं. कंत्राटदार बटण दाबतो, यंत्र घरघरू लागतं, पेढे वाटले जातात. चाचणीच्या कागदावर शेरा पडतो : ‘समाधानकारक’. या शब्दाला काडीचा अर्थ नाही. किती अंश, किती मिनिटांत, कोणत्या भारावर, हे आधीच लिहिलेलं असेल तरच पास-नापास ठरवता येतं.

चाचणीआधी मोजणारी साधनं तपासायची. समजा, चिलर 300 टनांचा, म्हणजे सुमारे 1,055 किलोवॉट उष्णता ओढणारा आहे. परतीच्या पाण्याचा सेन्सर अर्धा अंश कमी दाखवत असेल, तर 5 अंशांचा फरक साडेचार दिसतो आणि चिलर कागदावर 270 टनांचा होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी! हे पकडायला एक ताळेबंद आहे. पाण्यातून काढलेली उष्णता अधिक कॉम्प्रेसरने खाल्लेली वीज, ही बेरीज कूलिंग टॉवरकडे जाणाऱ्या उष्णतेइतकी यायला हवी. इथे 950 अधिक 180, म्हणजे 1,130 किलोवॉट. टॉवरच्या बाजूला मात्र 1,235 मोजले जातात. एवढी तफावत म्हणजे कुठलं तरी मापच चुकतंय. फरक 5 टक्क्यांच्या आत हवा, अशी मर्यादा साधारणपणे ठेवतात.

मग माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची चाचणी : चालू चिलरची वीज मुद्दाम तोडायची. निकष असा लिहावा : राखीव चिलर कुणी हात न लावता सुरू व्हावा आणि इमारतीकडे जाणारं पाणी ठरलेल्या, समजा 15 मिनिटांत, 8 अंशांखाली यावं. कंट्रोल रूमच्या पडद्यावर राखीव चिलर हिरवा दिसतो, पण पाणी साडेनऊवर अडून बसतं, असं होऊ शकतं. अशा वेळी बंद पडलेल्या चिलरचा व्हॉल्व्ह हाताने तपासावा. तो उघडाच राहिला असेल तर निम्मं पाणी त्यातून गरमच पुढे जातं आणि 7 अंशांच्या पाण्यात मिसळतं. पडद्यावर मात्र ‘व्हॉल्व्ह बंद’ असू शकतं, कारण पडदा कधीकधी दिलेला हुकूम दाखवतो, झालेलं काम नाही.

एक मर्यादा मात्र राहतेच. रिकाम्या इमारतीत, जानेवारीच्या गारठ्यात पूर्ण भार मिळत नाही. त्यामुळे इमारतीचा ताबा हिवाळ्यात घेणार असाल, तर पूर्ण भाराची चाचणी एप्रिल-मेमध्ये घेण्याची अट करारातच घाला आणि तोवर बिलाची काही रक्कम राखून ठेवा.