चार किल्ल्या, एक तक्ता

संगणकात माहिती ओळी आणि रकाने असलेल्या तक्त्यांत ठेवण्याची पद्धत ई. एफ. कॉड यांनी १९७० साली मांडली. अशा तक्त्यातील नेमकी एक ओळ ज्या रकान्यांवरून सापडते, त्यांना 'की' म्हणजे किल्ली म्हणतात. सुपर-की, कँडिडेट-की, प्रायमरी-की आणि अल्टरनेट-की या चार किल्ल्यांच्या व्याख्या पाठ होतात, पण फरक विचारला की गोंधळ होतो. तो आपण विद्यार्थ्यांच्या नोंदीवरून पाहू.

महाविद्यालयाच्या चालू वर्षाच्या तक्त्यात पाच रकाने आहेत असे समजा: नोंदणी क्रमांक, वर्ग, हजेरी क्रमांक, नाव आणि मोबाइल. प्रत्येक विद्यार्थ्याची एकच ओळ. नोंदणी क्रमांक प्रवेशाच्या वेळी मिळतो आणि पुन्हा कोणालाही दिला जात नाही. हजेरी क्रमांक मात्र प्रत्येक वर्गात १ पासून सुरू होतो.

ज्या रकान्यांच्या संचावरून दोन ओळी कधीही सारख्या निघणार नाहीत, तो संच म्हणजे सुपर-की. येथे 'कधीही' हा शब्द महत्त्वाचा आहे. आज यादीत एकच सुनीता जाधव असेल, म्हणून नाव ही किल्ली होत नाही. उद्या दुसरी सुनीता जाधव प्रवेश घेईल. मोबाइलही चालत नाही, कारण दोघी बहिणी वडिलांचा एकच क्रमांक देतात. किल्ली आजच्या ओळींवरून ठरत नाही, ती कार्यालयाच्या नियमावरून ठरते.

नोंदणी क्रमांक ही सुपर-की आहे. मग नोंदणी क्रमांक व नाव हा संचही सुपर-कीच, कारण अधिक रकाने जोडल्याने ओळख पुसली जात नाही. नोंदणी क्रमांक असलेले असे १६ संच होतात. तो वगळला तरी वर्ग व हजेरी क्रमांक मिळून ओळ सापडते. असे आणखी ४ संच. म्हणजे या लहानशा तक्त्यातही २० सुपर-की आहेत.

या विसांतून कँडिडेट-की निवडण्याची कसोटी सोपी आहे. संचातील एकेक रकाना काढून पाहावा. काढूनही ओळख टिकली तर तो रकाना फालतू होता आणि तो संच बाद. नोंदणी क्रमांक व नाव यांतून नाव काढता येते, म्हणून तो संच बाद. वर्ग व हजेरी क्रमांक यांतून मात्र काहीच काढता येत नाही: नुसता वर्ग म्हटला तर शंभर विद्यार्थी, नुसता १२ म्हटला तर प्रत्येक वर्गातील एक. म्हणून येथे कँडिडेट-की दोनच: नोंदणी क्रमांक, आणि वर्ग व हजेरी क्रमांक यांची जोडी. जोडीत दोन रकाने आहेत म्हणून ती कमी प्रतीची, असे पुष्कळांना वाटते. ते बरोबर नाही. कसोटी रकान्यांच्या संख्येची नसून फालतू रकाना नसण्याची आहे.

या दोघींपैकी मुख्य म्हणून जी निवडली ती प्रायमरी-की. ही निवड गणित करून देत नाही, माणसाने करावयाची असते. समजा, आपण जोडी निवडली आणि फीच्या तक्त्यात 'द्वितीय वर्ष अ, १२' अशी नोंद केली. पुढे उशिरा एक प्रवेश झाला, यादी पुन्हा वर्णानुक्रमे लागली आणि १२ चा १३ झाला. आता एकाने भरलेली फी दुसऱ्याच्या नावावर दिसेल, आणि ज्याने भरली त्याला परीक्षेच्या तोंडावर थकबाकीची नोटीस जाईल. म्हणून न बदलणारा नोंदणी क्रमांकच प्रायमरी-की करावा.

उरलेली जोडी म्हणजे अल्टरनेट-की. तिची निवड झाली नाही, पण तिचा नियम संपलेला नाही. तो संगणकाला स्वतंत्रपणे सांगावा लागतो:

```
CREATE TABLE student (
  reg_no  INTEGER PRIMARY KEY,
  class   VARCHAR(60) NOT NULL,
  roll_no INTEGER NOT NULL,
  name    VARCHAR(60),
  mobile  VARCHAR(10),
  UNIQUE (class, roll_no)
);
```

शेवटची `UNIQUE` ची ओळ विसरली, तर एकाच वर्गात दोघांना १२ क्रमांक दिला तरी संगणक हरकत घेणार नाही. चूक हजेरीच्या वेळी दोघे 'हजर' म्हणतील तेव्हाच कळेल.

आणखी एक चूक नेहमी होते. अधिक सुरक्षित म्हणून काही जण `PRIMARY KEY (reg_no, class)` असे लिहितात. परिणाम उलटा होतो. आता संगणक फक्त जोडी तपासतो, त्यामुळे एकच नोंदणी क्रमांक दोन वर्गांत बिनदिक्कत शिरतो. कागदावर सुपर-कीत एक रकाना वाढला तरी बिघडत नाही. पण तीच किल्ली पहाऱ्यावर बसवली की वाढीव रकाना पहारा ढिला करतो. कँडिडेट-की वेगळी काढावयाची ती याचसाठी.